कंट्रोलरची सेटिंग्ज आणि नेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमपॅडवर नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांना डेडझोन, रिस्पॉन्स कर्व्ह आणि बटणांची मांडणी यांविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांसाठी Call of Duty: Warzone हा एकच खेळ धरला आहे, कारण त्याच्या मेनूत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बदलता येतात. मेनूतील नावे पडद्यावर दिसतात तशीच लिहिली आहेत. खालची आकडेमोड मात्र Apex Legends किंवा अन्य कोणत्याही खेळासाठी तितकीच उपयोगी पडेल.

सेटिंग्ज कोणत्या क्रमाने लावावीत?

आधी डेडझोन, मग वेग म्हणजे सेन्सिटिव्हिटी, आणि त्यानंतर कर्व्ह, म्हणजे स्टिक किती ढकलली की किती वेगाने वळायचे याचे प्रमाण. हा क्रम सोयीसाठी ठरवलेला नाही. डेडझोन बदलला की त्याच्या पुढचा सगळा हिशेब बदलतो, त्यामुळे आधी वेग जुळवून नंतर डेडझोनला हात लावला, तर जुळवलेला वेग पुन्हा जुळवावा लागतो. बटणांची मांडणी या साखळीत येत नाही. परंतु नवी मांडणी अंगवळणी पडेपर्यंत सगळाच खेळ अडखळतो, म्हणून ती आणि नेमाची सेटिंग्ज एकाच वेळी बदलू नयेत. दोन्ही एकदम बदलली, तर नेम कशामुळे सुधारला किंवा बिघडला हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

डेडझोन नेमका कशासाठी असतो?

स्टिक सोडून दिल्यावर ती स्प्रिंगच्या जोरावर मध्यभागी परत येते, पण प्रत्येक वेळी अगदी त्याच बिंदूवर थांबत नाही. उजवीकडून सोडली तर किंचित उजवीकडे राहते, वरून सोडली तर किंचित वर. सायकलच्या ब्रेकच्या दांड्याला जशी सुरुवातीची थोडी ढिलाई असते, तशी ही स्टिकची ढिलाई समजावी. तिच्यामुळे क्रॉसहेअर आपोआप सरकू नये, यासाठी मध्याभोवतीच्या छोट्या वर्तुळातील हालचाल खेळ मोजतच नाही. या वर्तुळालाच डेडझोन म्हणतात.

मायक्रोसॉफ्टच्या XInput या प्रणालीत स्टिकचे मूल्य शून्यापासून 32767 पर्यंत जाते आणि उजव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन 8689 आहे, म्हणजे जवळजवळ साडेसव्वीस टक्के. डाव्या स्टिकसाठी तो 7849, म्हणजे सुमारे 24 टक्के आहे. हे आकडे कुठलाही कंट्रोलर, अगदी झिजलेलासुद्धा, शांत राहावा या हिशेबाने सावधपणे ठेवलेले आहेत. नेमबाजीच्या खेळात मात्र स्टिकची पाव हालचाल वाया घालवणे परवडत नाही, आणि म्हणूनच आपल्या हातातल्या कंट्रोलरला खरोखर किती डेडझोन लागतो हे मोजून घ्यावे लागते.

माझ्या कंट्रोलरला किती डेडझोन लागेल, हे कसे मोजावे?

कंट्रोलर यूएसबीने संगणकाला जोडावा; प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांनीही एकदा एवढे करून पाहावे. क्रोम ब्राउझर उघडून कंट्रोलरवरचे कोणतेही बटण एकदा दाबावे, कारण तोपर्यंत ब्राउझरला तो दिसत नाही. मग F12 दाबून Console मध्ये पुढील ओळी चिकटवाव्यात.

```
setInterval(() => {
  const p = [...navigator.getGamepads()].find(Boolean);
  if (p) console.log(p.axes[2].toFixed(3), p.axes[3].toFixed(3));
}, 200);
```

दर ओळीतला पहिला आकडा उजव्या स्टिकची आडवी स्थिती दाखवतो आणि दुसरा उभी. आता स्टिक एका दिशेला पूर्ण ढकलून सोडावी, आकडे स्थिर होऊ द्यावेत आणि ते लिहून ठेवावेत. चारही बाजूंना आणि चारही कोपऱ्यांना असेच करावे. एकदा अंगठा झटकन उचलून आणि एकदा हळूहळू सैल सोडून. बहुतेक जण फक्त झटक्याचीच चाचणी करतात. परंतु प्रत्यक्ष खेळात अंगठा स्टिकवरून क्वचितच उचलला जातो, आणि हळू सोडल्यावर स्टिक मध्यापासून अधिक दूर थांबण्याची शक्यता असते.

समजा, सर्वांत वाईट नोंद आडवी 0.03 आणि उभी उणे 0.05 अशी आली. मध्यापासूनचे अंतर म्हणजे या दोन आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे 0.058. याचा अर्थ ही स्टिक मध्यापासून जवळजवळ सहा टक्के दूर थांबते. त्यात दोन टक्क्यांची मोकळीक मिळवून खेळात Right Stick Min साठी 8 हा आकडा धरावा. पुढील सर्व हिशेब याच कंट्रोलरचा केला आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्सची स्टिक आपली स्थिती 256 पायऱ्यांत कळवते, त्यामुळे तिचे आकडे सुमारे 0.008 च्या उडीने बदलतात. तिसऱ्या दशांश स्थळाला तेथे फारसा अर्थ नसतो. दुसरे म्हणजे, कुठूनही सोडली तरी स्टिक दर वेळी तंतोतंत 0.000 दाखवत असेल, तर खूश होण्याआधी शंका घ्यावी. बहुधा त्या कंट्रोलरच्या आतच एक डेडझोन बसवलेला असतो आणि खेळातला आकडा शून्य केला तरी तो हटत नाही. स्टिक अगदी सावकाश ढकलून पाहिल्यास आकडे एकदम कधी जिवंत होतात, यावरून तो किती मोठा आहे हे कळते.

मग डेडझोन शून्य का ठेवू नये?

चांगल्या खेळाडूंची सेटिंग्ज पाहून आकडा शून्यावर आणणारे पुष्कळ भेटतात. डेडझोन स्टिकच्या थांबण्याच्या जागेपेक्षा लहान असेल, तर क्रॉसहेअर हळूहळू सरकतो हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली अडचण अशी, की तो नेहमी एकाच दिशेला सरकत नाही. वळून आलात त्या बाजूला तो सरकतो, आणि अंगठा ते नकळत दुसऱ्या बाजूला सावरत राहतो. परिणामी लांबच्या लक्ष्यावर क्रॉसहेअर थरथरतो, आणि खेळाडू त्याचा दोष सेन्सिटिव्हिटीला देऊन ती कमी करत सुटतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. स्कोपमधून दूरच्या खांबावर नेम धरून अंगठा स्टिकवर हलकेच टेकवून ठेवावा. अंगठा टेकवल्यावर क्रॉसहेअर स्थिर आणि उचलल्यावर सरकतो, किंवा याच्या अगदी उलट होते, तर डेडझोन अपुरा आहे.

डाव्या स्टिकचे गणित थोडे निराळे आहे. Call of Duty मधील एम असिस्टचा, म्हणजे लक्ष्यावर नेम टिकवायला खेळ करत असलेल्या मदतीचा, काही भाग खेळाडू स्वतः चालत असताना, म्हणजे डावी स्टिक हलत असताना अधिक काम करतो. त्यामुळे डावा डेडझोन लहान असेल, तर अगदी छोट्या पावलांनाही त्याची साथ मिळते. येथे थोडे धाडस करण्यास हरकत नाही, कारण डावी स्टिक किंचित सरकली तरी नेम हलत नाही. मात्र आडोशामागे उभे असताना पात्र आपोआप पुढे सरकू लागले, तर आकडा एक-दोनने वाढवावा.

संगणकावर स्टीममधूनही डेडझोन लावला आहे. दोन्हीकडे ठेवावा का?

ठेवू नये. स्टीम इनपुटमधील डेडझोन 8 टक्के असला, तर उरलेल्या 92 टक्क्यांना ताणून शून्य ते शंभर केले जाते आणि मग ते खेळाला मिळते. खेळ त्यावर पुन्हा आपले 8 टक्के कापतो. प्रत्यक्षात स्टिक 15 टक्क्यांहून अधिक ढकलेपर्यंत पडद्यावर काहीच होत नाही, आणि खेळाडूला वाटते की आपला डेडझोन आठच आहे. एका ठिकाणी आकडा ठेवून दुसरीकडे शून्य करावा. माझ्या मते तो खेळातच ठेवणे बरे, कारण खेळाच्या मेनूत परिणाम लगेच दिसतो.

अपवाद एकच. काही जुन्या खेळांत डेडझोन बदलण्याची सोयच नसते. तेथे स्टीम इनपुटमधील अँटी-डेडझोन उपयोगी पडतो. तो स्टिकच्या पहिल्या हालचालीलाच खेळाच्या डेडझोनच्या कडेपर्यंत उडी मारायला लावतो.

Right Stick Max कशासाठी असतो?

हा बाहेरच्या कडेचा डेडझोन आहे. स्टिक किती ढकलल्यावर पूर्ण वेग धरायचा, हे तो ठरवतो. झिजलेल्या स्टिका तिरक्या दिशेला कधी कधी शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी तो 97 किंवा 95 वर आणावा. त्याहून खाली नेल्यास मधली वापरण्याजोगी जागा आक्रसते.

रिस्पॉन्स कर्व्ह नेमाला मदत कशी करतो?

याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण कर्व्ह ही आवडीनिवडीची बाब आहे असे म्हणून हा विषय सहसा संपवला जातो. आवड असतेच, परंतु तिच्यामागे मोजता येण्याजोगी एक गोष्ट आहे.

समोरचा खेळाडू 30 मीटरवर आहे आणि सेकंदाला 6 मीटर या वेगाने आडवा धावतो आहे, असे धरू. त्याच्यावर क्रॉसहेअर धरून ठेवण्यासाठी तुम्हाला सेकंदाला साधारण साडेअकरा अंश वळावे लागते. तोच खेळाडू 10 मीटरवर असेल, तर साधारण 34 अंश. म्हणजे गोळीबार चालू असतानाची बरीचशी कामगिरी साडेअकरा ते 34 अंश या अरुंद पट्ट्यातच होते. पाठीमागे वळण्यासाठी लागणारा वेग याच्या कितीतरी पट असतो, आणि तो याच स्टिकमधून काढायचा असतो.

आता स्टिक पूर्ण ढकलल्यावर वळण्याचा वेग सेकंदाला 240 अंश आहे, असे समजू. डेडझोन 8 आणि बाहेरची कड 97. स्टिकचे मोजलेले मूल्य आधी या दोन कडांमध्ये ताणले जाते:

```
v = (m - 0.08) / (0.97 - 0.08)
```

येथे m म्हणजे स्टिकची प्रत्यक्ष स्थिती आणि v म्हणजे खेळाने वापरायचा आकडा. कर्व्ह Linear असेल, तर वेग म्हणजे 240 गुणिले v. या हिशेबाने साडेअकरा अंशांचा वेग मिळवण्यासाठी स्टिक सुमारे 12 टक्क्यांवर धरावी लागते आणि 34 अंशांसाठी सुमारे 21 टक्क्यांवर. लढतीतला सगळा बारकावा स्टिकच्या जेमतेम साडेआठ टक्के प्रवासात, तोही डेडझोनच्या काठाला चिकटून, साधायचा आहे. अंगठ्याच्या टोकाला ही हालचाल जाणवेल न जाणवेल इतकी लहान असते.

कर्व्ह घातांकाचा असला, उदाहरणार्थ वेग v च्या वर्गाच्या प्रमाणात असला, तर तेच दोन वेग 27 आणि 42 टक्क्यांच्या आसपास मिळतात. कामाचा पट्टा साडेआठ टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर जातो आणि डेडझोनच्या काठापासून दूर, मोकळ्या जागेत येतो. स्टिक पूर्ण ढकलल्यावर मिळणारा 240 अंशांचा वेग मात्र तसाच राहतो. कर्व्हचे काम एवढेच आहे: उपलब्ध असलेला प्रवास, जेथे तुम्हाला बारकावा हवा तेथे अधिक वाटून देणे.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. घातांकाच्या कर्व्हमध्ये स्टिक पहिल्यांदा हलवल्यावर जवळजवळ काहीच घडत नाही. 20 टक्क्यांवर Linear सेकंदाला 32 अंश देतो, तर वर्गाचा कर्व्ह सव्वाचार अंशांहून थोडेसेच अधिक. समोरचा खेळाडू अचानक दिशा बदलतो तेव्हा हा उशीर जाणवतो, आणि उशीर भरून काढण्यासाठी अंगठा जास्त ढकलला गेला की क्रॉसहेअर लक्ष्याच्या पुढे निघून जातो.

डेडझोन आधी का ठरवायचा, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. हाच कंट्रोलर, हाच वर्गाचा कर्व्ह, पण डेडझोन 8 ऐवजी 15 केला, तर 20 टक्क्यांवरचा वेग सव्वाचारवरून एका अंशाच्याही खाली येतो. फुगवलेला डेडझोन आणि घातांकाचा कर्व्ह एकत्र आले, की खेळाडू म्हणतो, "स्टिक आधी हलतच नाही आणि मग एकदम पळते." अशा वेळी कर्व्ह बदलण्याची घाई करू नये. दोष बहुधा डेडझोनचा असतो.

एम असिस्ट लक्ष्याजवळ क्रॉसहेअरचा वेग कमी करत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे सरकतात. पट्टा कोठे पडतो हे समजण्यासाठी मात्र हा हिशेब पुरेसा आहे.

Standard, Linear आणि Dynamic यांपैकी कोणता निवडावा?

Standard हा वर सांगितलेल्या घातांकाच्या जातीचा आहे. Linear मध्ये कोणताही फेरफार नसतो. Dynamic चा आकार उलट्या S सारखा आहे: सुरुवातीला चढ, मध्ये सपाटी आणि शेवटी पुन्हा चढ. त्यामुळे स्टिक हलताच प्रतिसाद मिळतो आणि पाठलागाचा बारकावा मधल्या सपाट भागात साधता येतो. स्पर्धात्मक खेळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण Dynamic का वापरतात, ते यावरून कळते.

माझा सल्ला असा आहे, की डेडझोन नीट मोजला असेल तर Dynamic पासून सुरुवात करावी. स्टिक झिजलेली असून डेडझोन बाराच्या वर ठेवावा लागत असेल, तर Standard टाळावा. मृत जागेपाठोपाठ आळशी जागा येणे हे दुहेरी नुकसान आहे. Linear त्यांना शोभतो, जे स्कोपमधला वेग बराच कमी ठेवतात.

वेग कमी ठेवल्यानेही तोच फायदा मिळत नाही का?

मिळतो, आणि ही गोष्ट कर्व्हच्या चर्चेत हमखास विसरली जाते. वरच्याच उदाहरणात Linear कायम ठेवून कमाल वेग 240 ऐवजी 120 अंश केला, तर कामाचा पट्टा साधारण 16 ते 33 टक्क्यांमध्ये पसरतो, म्हणजे वर्गाच्या कर्व्हपेक्षाही थोडा रुंद होतो. तोटा एवढाच, की मागे वळायला दीड सेकंद लागतो.

म्हणूनच दोन वेग वेगळे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बिनस्कोपचा वेग वळण्यासाठी पुरेसा ठेवावा आणि नेम धरल्यावरचा वेग ठरवणारा ADS Sensitivity Multiplier 1.00 वरून 0.80 किंवा 0.85 वर आणावा. लहान झूम आणि मोठा झूम यांसाठी वेगवेगळे आकडे देता येतात; आधी फक्त लहान झूमचा बदलावा, कारण बहुतेक लढती त्याच अंतरावर होतात. नेम धरल्यावर नवा वेग कधी लागू व्हावा, हे ADS Sensitivity Transition Timing मध्ये ठरते. ते Instant ठेवल्यास बंदूक डोळ्यापाशी येण्याआधीच कमी वेग लागू होतो, त्यामुळे जवळच्या लढतीत वळताना अडकल्यासारखे वाटते. Gradual मध्ये हा बदल हळूहळू होतो, आणि मला तो अधिक सुसह्य वाटतो.

बदल योग्य दिशेने चालला आहे, हे कसे ओळखावे?

सामन्यातील मृत्यूंवरून ओळखू नये. तेथे इतर कारणे फार असतात. सराव मैदानात दोन चाचण्या पुरेत. पहिली: भिंतीच्या उभ्या कडेवर क्रॉसहेअर ठेवून डावी स्टिक डावी-उजवी हलवत चालावे आणि उजव्या स्टिकने क्रॉसहेअर त्याच कडेवर धरून ठेवावा. तो कडेवरून लहान लहान झटक्यांनी पुढे-मागे होत असेल, तर कामाचा पट्टा डेडझोनच्या काठाशी पडला आहे. वेग कमी करावा किंवा कर्व्ह बदलावा. तो सतत मागे राहत असेल, तर वेग अपुरा आहे.

दुसरी: दोन खुणांमध्ये नेम एका झेपेत न्यावा. दर वेळी पुढे गेला तर वेग जास्त, दर वेळी अलीकडे थांबला तर कमी. कधी पुढे तर कधी अलीकडे जात असेल, तर सेटिंगला हात लावू नये, कारण तो सरावाचा प्रश्न आहे. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि त्याला काही दिवस द्यावेत. दर तासाला सेन्सिटिव्हिटी बदलणाऱ्याच्या अंगठ्याला लक्षात ठेवण्याजोगे काहीच मिळत नाही.

आडवा आणि उभा वेग वेगळा ठेवावा का?

सुरुवातीला समान ठेवावा. बंदुकीचा झटका खाली ओढताना नेम वाजवीपेक्षा खाली जात असेल, तरच उभा वेग एका पायरीने कमी करावा.

बटणांची मांडणी बदलल्याने नेम कसा सुधारेल?

मूळ मांडणीत उडी मारण्याचे बटण, म्हणजे एक्सबॉक्सचे A किंवा प्लेस्टेशनचे ×, उजव्या अंगठ्याकडे असते. उजवी स्टिकही त्याच अंगठ्याकडे आहे. त्यामुळे उडी मारताना नेम हलवता येत नाही. हा काळ लहान असला तरी लढतीच्या नेमक्या मोक्याच्या क्षणी येतो: कोपऱ्यावरून उडी मारून बाहेर पडताना समोरचा माणूस हलतो आणि तुमचा क्रॉसहेअर हवेतच गोठलेला असतो. घसरण्याच्या B किंवा ○ बटणाचेही तसेच आहे.

म्हणून नियम एकच धरावा: नेम धरलेला असताना जी कृती करावी लागते, तिचे बटण उजव्या अंगठ्याकडे नसावे. उडी, बसणे आणि घसरणे या कृती यात येतात. गोळ्या भरणे, शस्त्र बदलणे, चिलखत लावणे या कृती नेम सोडूनच होतात, त्यामुळे त्यांची बटणे जेथे आहेत तेथेच राहू द्यावीत. सगळीच बटणे हलवण्याचा मोह टाळावा.

साध्या कंट्रोलरवर दोन तयार मांडण्या कामाच्या आहेत. Tactical मध्ये बसणे आणि घसरणे उजव्या स्टिकच्या दाबावर, म्हणजे R3 वर येते आणि ठोसा मारण्याचे बटण ○ वर जाते. Bumper Jumper मध्ये उडी डाव्या बंपरवर येते. माझ्या अंदाजाने घसरण्याचा वापर अधिक करणाऱ्याने Tactical पासून सुरुवात करावी.

Tactical चा एक दोष मात्र कळायला वेळ लागतो. R3 दाबताना अंगठा स्टिक थोडी खाली किंवा बाजूला ढकलतो, आणि लहान डेडझोन असल्यास ती हालचाल थेट नेमात उतरते. स्थिर लक्ष्यावर नेम धरून पाच-सहा वेळा बसून-उठून पाहावे. क्रॉसहेअर दर वेळी एकाच बाजूला उडत असेल, तर तो अंगठ्याच्या ठेवणीचा दोष आहे. अंगठ्याचे टोक न टेकवता पेराचा मधला मांसल भाग स्टिकच्या मध्यावर ठेवून सरळ खाली दाबल्यास तो बराच कमी होतो. त्यासाठी डेडझोन वाढवू नये.

मागे पट्ट्या असलेल्या कंट्रोलरवर हा प्रश्न मुळातून सुटतो. एक्सबॉक्स एलिट सिरीज 2 ला चार पट्ट्या आहेत, ड्युअलसेन्स एजला दोन मागची बटणे. उडी आणि घसरणे या दोनच कृतींना दोन पट्ट्या द्याव्यात. बाकीच्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील. घट्ट पकडताना चुकून दाबल्या जाणाऱ्या पट्ट्या काढूनच ठेवाव्यात. पट्ट्यांवाचून तर्जनी वाकवून समोरची बटणे दाबण्याची जी पकड आहे, ती चालते, पण मनगट आणि बोटे दुखू लागल्यास लगेच सोडावी.

बटणे खेळात बदलावीत की कन्सोलच्या सेटिंगमध्ये?

शक्य असेल तेथे खेळातच. प्लेस्टेशन 5 वर Accessibility मधून आणि एक्सबॉक्सवर Xbox Accessories ॲपमधून केलेला बदल सर्व खेळांना आणि कन्सोलच्या मेनूलाही लागू होतो. खेळाला मात्र त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे पडद्यावर जुन्याच बटणाची खूण दिसत राहते. खेळात सोय नसेल तेव्हाच तो मार्ग धरावा.

ट्रिगरचा डेडझोन आणि बंपरवर गोळीबार यांत काही फरक पडतो का?

पडतो, परंतु तो वेळेचा असतो. ट्रिगर काही अंतर दाबला गेल्यावरच गोळी सुटते. XInput मध्ये सुचवलेली मर्यादा 255 पैकी 30 आहे. खेळातला ट्रिगर डेडझोन शून्याजवळ आणावा, बोट टेकवताच गोळी सुटू लागल्यास एक-दोनने वाढवावा. ड्युअलसेन्सवर ट्रिगरचा विरोध बंद करावा, कारण बोटाने जोर लावला की सबंध कंट्रोलर हलतो आणि अंगठ्याखालची स्टिकही. नेम आणि गोळीबार L1 आणि R1 वर आणणाऱ्या Flipped मांडण्या अनेकांना आवडतात. बंपरचा प्रवास लहान असतो, हेच त्याचे कारण.

डेडझोन दर महिन्याला वाढवावा लागतो आहे. काय करावे?

नेहमीच्या स्टिकमध्ये तिची स्थिती मोजणारा पोटेंशियोमीटर असतो. त्यातला घासणारा भाग झिजतो आणि धूळ बसली की मोजमाप थरथरू लागते. वर दिलेली चाचणी पुन्हा करून स्टिक सोडल्यावरचे आकडे पाहावेत. ते स्थिर पण मध्यापासून दूर असतील, तर पुन्हा कॅलिब्रेशन केल्याने, म्हणजे स्टिकचा मध्य नव्याने नोंदवल्याने, भागू शकते. ते न हात लावता नाचत असतील, तर भाग झिजला आहे आणि कोणतेही सेटिंग त्याला दुरुस्त करणार नाही. डेडझोन पंधराच्या पुढे जाऊ लागला, की स्टिकचे मॉड्यूल बदलण्याची वेळ आली असे समजावे.

दुरुस्ती करणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: नवे मॉड्यूल बसवल्यावर कॅलिब्रेशन करून देणार का? ड्युअलसेन्समध्ये मध्याची नोंद कंट्रोलरच्या स्मृतीत असते, त्यामुळे नुसते डाग देऊन मॉड्यूल बदलले तर नवी कोरी स्टिकही मध्यापासून दूर थांबलेली दिसते. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणारा भाग नसतो आणि त्या दीर्घकाळ टिकतात. तरीही स्प्रिंगची ढिलाई त्यांनाही असते, म्हणून डेडझोन त्यांच्यासाठीही मोजावा लागतो.

बटणे बदलल्याबद्दल किंवा असे कंट्रोलर वापरल्याबद्दल बंदी येऊ शकते का?

एका बटणाला एक कृती देण्याला कोणाचीही हरकत नसते. Cronus Zen सारख्या उपकरणांतून बंदुकीचा झटका आपोआप सावरणारी स्क्रिप्ट चालवणे मात्र निराळे आहे. अशी उपकरणे ओळखण्याची सोय Activision ने 2023 मध्ये आपल्या RICOCHET Anti-Cheat मध्ये आणली. एका दाबात दोन-तीन कृती करणारा मॅक्रोही याच वर्गात पडू शकतो, म्हणून पट्ट्यांवर तो ठेवू नये.